कलेजीतले कॅटॅलेज, एसओडी आणि ग्लुटाथायोन: प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर

काम ठरले: बकऱ्याच्या एकाच कलेजीत तीन गोष्टी मोजायच्या. सुपरऑक्साइड डिसम्युटेज (पुढे एसओडी), कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन. शिवाय तोच उती-तुकडा वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळला तर आकडे किती हलतात तेही पाहायचे. खरा प्रश्न हा दुसराच आहे. पेशीवर ताण आला म्हणून आकडा बदलला की नमुना टेबलावर पडून राहिला म्हणून, हे कळल्याशिवाय या तीन मोजमापांवर निष्कर्ष काढता येत नाही.

नवीन येणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात. मायटोकाँड्रियातल्या इलेक्ट्रॉन वहनसाखळीतून, मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या संकुलातून, काही इलेक्ट्रॉन गळतात आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड बनते. एसओडी दोन सुपरऑक्साइडांपासून एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन पेरॉक्साइड करते. म्हणजे एक धोका घालवताना दुसरा तयार होतो. पेरॉक्साइडला मोकळे फेरस लोह भेटले की हायड्रॉक्सिल मूलक निघते, आणि ते निवारणारे एन्झाइम पेशीत नाही. म्हणून पेरॉक्साइड आधीच उचलावे लागते. ते काम पेरॉक्सिसोममध्ये कॅटॅलेज करते. बाकी ठिकाणी मुख्यतः पेरॉक्सिडेज एन्झाइमे करतात, त्यातली एक महत्त्वाची जोडी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि ग्लुटाथायोन यांची.

एसओडीबद्दल नेहमी विचारला जाणारा प्रश्न: सुपरऑक्साइड आपोआपही मोडते, मग एन्झाइम कशाला? पीएच ७.४ ला आपोआप मोडण्याचा वेग-स्थिरांक सुमारे २ लाख आणि एसओडीचा सुमारे २ अब्ज (प्रति मोलर प्रति सेकंद). फरक दहा हजार पटींचा दिसतो, पण पेशीतला फरक त्याहून मोठा आहे. आपोआप मोडायला दोन सुपरऑक्साइड एकमेकांना भेटावे लागतात, आणि पेशीत ते इतके विरळ असतात की भेट क्वचितच होते. एसओडी मात्र मुबलक असते, त्यामुळे सुपरऑक्साइडची गाठ आधी तिच्याशीच पडते. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये हे काम दाखवून देईपर्यंत हे प्रथिन नुसतेच तांबे साठवणारे समजले जात होते.

६ डिसेंबर

नमुना गोळा करण्याची तयारी. कलेजी कापल्यापासूनच ग्लुटाथायोन घटू लागते, त्यामुळे प्रयोगशाळेत आणून मग आम्ल घालणे उपयोगाचे नाही. मटणाच्या दुकानात न्यायच्या वस्तू: बर्फाचा डबा, हाताने फिरवायचा काचेचा होमोजेनायझर, कात्री, चिमटा आणि आधीच वजन करून ठेवलेल्या नळ्या.

दुकानात तराजू लावत बसायचे नाही. प्रत्येक नळीत ४.५ मिली थंड ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्ल भरले, झाकणासकट वजन लिहिले. दुकानात अंदाजे हरभऱ्याएवढा तुकडा टाकायचा, परत येऊन पुन्हा वजन करायचे. फरक म्हणजे उतीचे वजन. अर्धा ग्रॅम जमला तर उत्तम. कमी-जास्त झाला तर हिशेब त्या वजनावर.

वेगळ्या दोन नळ्यांत आम्लाऐवजी फॉस्फेट बफर (पीएच ६.५) आणि १० मिलिमोलर एन-इथिलमॅलेइमाइड. एनईएम १२.५ मिलिग्रॅम दर १० मिलीला, त्याच सकाळी केलेले. हे ग्लुटाथायोनच्या सल्फहायड्रिल गटावर टोपी घालते, म्हणजे पुढे त्याचे ऑक्सिडीकरण होऊच शकत नाही. हातमोजे सक्तीचे, एनईएम त्वचेला आणि डोळ्यांना वाईट.

९ डिसेंबर

कलेजी आली. तुकडे थंड सलाइनमध्ये तीन वेळा धुतले. जिवंत प्राण्यात रक्तवाहिनीतून सलाइन सोडून रक्त काढता येते. विकतच्या कलेजीत ते शक्य नाही. धुणे नीट न झाल्यास लाल पेशींमधले कॅटॅलेज आणि तांबे-जस्तवाली एसओडी यकृताच्या खात्यात जमा होतात. धुतलेले पाणी फिकट गुलाबी होईपर्यंत थांबलो. पूर्ण रंगहीन होत नाही.

आज फक्त कॅटॅलेज. १० टक्के होमोजेनेट, ०.२५ मोलर सुक्रोज आणि ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.०. दहा हजार जी वर १५ मिनिटे, वरचे द्रव घेतले. पेरॉक्साइड: ३० टक्के बाटलीतले ०.३४ मिली, बफरने १०० मिली, म्हणजे सुमारे ३० मिलिमोलर. क्युव्हेटमध्ये २ मिली पातळ केलेले एन्झाइम आणि १ मिली पेरॉक्साइड, अखेरची मात्रा १० मिलिमोलर. २४० नॅनोमीटरवर उतरण पाहिली.

पहिल्या तासात दोन चुका. एक, काचेचा क्युव्हेट घेतला गेला. काच २४० वर प्रकाश गिळते, ओडी वर जाऊन बसते आणि उतरण दिसतच नाही. क्वार्ट्झच हवा. दुसरी, नमुना फक्त ५० पट पातळ केला. क्युव्हेटमध्ये ऑक्सिजनचे बुडबुडे आले, रीडिंग खाली-वर उड्या मारू लागले. बुडबुडे दिसले तर ते रीडिंग नोंदवायचे नाही, पातळ करायचे. ५०० पटीवर सरळ रेष मिळाली.

पेरॉक्साइडची मात्राही तपासली: एन्झाइम न घालता ओडी ०.४३६ यायला हवी, कारण २४० वर पेरॉक्साइडचा शोषण-गुणांक ४३.६ आहे. जुन्या बाटलीतले पेरॉक्साइड मोडून कमी झालेले असते आणि लेबलवर भरवसा ठेवला तर सुरुवातच चुकते. मात्रा वाढवून हात मोकळा करण्याचाही मोह नको: ०.१ मोलरच्या पुढे पेरॉक्साइड कॅटॅलेजलाच निकामी करते. म्हणूनच इतर एन्झाइमांसारखे ‘सब्स्ट्रेटने भरून’ कॅटॅलेज मोजता येत नाही. पहिल्या ३० सेकंदांची उतरण घ्यायची. तापमान २० अंश ठेवले, या अभिक्रियेवर तापमानाचा परिणाम कमी असला तरी पुढची तुलना त्याच अंशावर.

```
dA (30 s) = 0.436 - 0.395 = 0.041   ->  0.082 / min
0.082 / 0.0436 = 1.88 mM/min  x 3 ml = 5.64 umol/min
tissue in cuvette = 2 ml x 0.1 g/ml / 500 = 0.0004 g
5.64 / 0.0004 = 14100 umol/min per g
```

१४,१०० हा आकडा आज तात्पुरता. अवक्षेपात कॅटॅलेज उरले असेल तर तो कमी आहे.

११ डिसेंबर

एका गटाचे सगळे कॅटॅलेज शून्य आले. त्यांनी दुसऱ्या कपाटातला फॉस्फेट बफर वापरला होता. त्यात बुरशी येऊ नये म्हणून ०.०२ टक्के सोडियम अॅझाइड घातलेले, लेबलवर बारीक अक्षरात. अॅझाइड कॅटॅलेजच्या हीममधल्या लोहाला चिकटते. तो बफर बाजूला ठेवला, पण फेकला नाही: ‘अॅझाइड घातल्यावर पेरॉक्साइडची उतरण थांबते’ हा नियंत्रण-प्रयोग म्हणून तो कामाचा आहे. उतरण थांबली नाही तर पेरॉक्साइड दुसरेच काही खात आहे.

१२ डिसेंबर

एसओडी, पायरोगॅलोल पद्धत. पायरोगॅलोल अल्कधर्मी द्रवात आपोआप ऑक्सिडाइज होऊन पिवळा-तपकिरी होतो आणि त्या साखळीत सुपरऑक्साइड भाग घेते. एसओडी सुपरऑक्साइड काढून घेते, रंग चढण्याचा वेग कमी होतो. वेग निम्मा करणारे प्रमाण म्हणजे एक युनिट. एसओडी थेट मोजली जात नाही, तिने अडवलेला रंग मोजला जातो. या पद्धतीच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

क्युव्हेट: ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८.२, १ मिलिमोलर ईडीटीए) २.८ मिली, नमुना आणि पाणी मिळून १७० मायक्रोलीटर, शेवटी २० मिलिमोलर पायरोगॅलोल ३० मायक्रोलीटर. पायरोगॅलोल २५.२ मिलिग्रॅम, १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १० मिली, काळ्या कागदात गुंडाळून बर्फावर. ४२० नॅनोमीटर, पहिली ३० सेकंद सोडून पुढची दोन मिनिटे. ब्लँकचा वेग मिनिटाला सुमारे ०.०२० हवा.

सकाळी ब्लँक ०.००९ येत होता. ट्रिस शीतगृहात ४ अंशांवर बसून ८.२ ला लावला होता. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ ने उतरतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला तो ७.६ च्या आसपास आला असणार. खोलीच्या तापमानाला पुन्हा लावला, ब्लँक ०.०२१.

नंतर एकाच नमुन्याच्या वाढत्या मात्रा घातल्या. १०, २०, ४०, ८० आणि १६० मायक्रोलीटरला अडथळा अनुक्रमे १७, २९, ४५, ६२ आणि ७७ टक्के. मात्रा दुप्पट केली तरी अडथळा दुप्पट होत नाही, वाकत जातो. आता एकाच रीडिंगला ५० ने भागून युनिटे काढली तर काय होते ते पाहा. १० मायक्रोलीटरच्या रीडिंगवरून मिलीला ३४ युनिटे, १६० च्या रीडिंगवरून सुमारे साडेनऊ. नमुना तोच, आकडे साडेतीन पटींनी वेगळे! आलेख काढून ५० टक्क्यांची जागा वाचली: ४९ मायक्रोलीटर, म्हणजे मिलीला २०.४ युनिटे. हाच आकडा धरायचा. सगळे नमुने ४० ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यात येतील एवढे पातळ करून मोजावेत. एका रीडिंगवर युनिटे काढलेला तक्ता तुलना करायलाही निरुपयोगी.

१३ डिसेंबर

उकळलेल्या नमुन्याचे नियंत्रण. ७० अंशांवर १० मिनिटे ठेवून काही फरक पडला नाही. नमुना चुकला नव्हता. तांबे-जस्तवाली एसओडी उष्णतेला फारच टिकाऊ आहे. उकळत्या पाण्यात २० मिनिटे ठेवल्यावर अडथळा ४५ वरून १२ टक्क्यांवर आला. उरलेले १२ टक्के कोणाचे? एस्कॉर्बेट आणि ग्लुटाथायोनसारख्या छोट्या रेणूंचे, तेही पायरोगॅलोलच्या साखळीत ढवळाढवळ करतात. नमुना सेफाडेक्स जी-२५ च्या छोट्या स्तंभातून काढला, छोटे रेणू मागे राहिले, उकळलेल्याचा अडथळा जवळजवळ शून्य झाला. २.५ मिलीचा स्तंभ पुरतो, तो बफरने आधी नीट धुवायचा.

लाल रंगाचा त्रासही आहे. हिमोग्लोबिन ४१५ च्या आसपास जोरदार शोषते, म्हणजे ४२० ला पायाच उंच होतो. त्यावर अनेक जण इथेनॉल-क्लोरोफॉर्मने हिमोग्लोबिन साकळवून काढतात. त्याने रंग जातो खरा, पण मायटोकाँड्रियातली मँगनीजवाली एसओडीही नष्ट होते. मग मोजली जाते ती फक्त तांबे-जस्तवाली, आणि तक्त्यात तिचे नाव मात्र ‘एकूण एसओडी’ असते. आम्ही ही पायरी टाळली. धुण्यावरच भागवले. दोन्ही प्रकार वेगळे करायचे तर सायनाइड लागते: तांबे-जस्तवाली त्याने बंद होते, मँगनीजवाली नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत सायनाइड ठेवायचे नाही असे ठरले असल्याने तो भाग सोडला.

१६ डिसेंबर

ग्लुटाथायोन, एलमनच्या डीटीएनबीने. डीटीएनबी सल्फहायड्रिल गटाशी भिडून पिवळे आयन सोडते, ४१२ नॅनोमीटरवर वाचायचे, शोषण-गुणांक १४,१५०. आम्लातला अर्क सेंट्रिफ्यूज करून प्रथिने काढली. प्रथिनांचे सल्फहायड्रिल राहिले तर तेही पिवळे करतात, त्यामुळे गढूळ अर्क घ्यायचा नाही.

पहिल्या खेपेला रंग जवळपास आलाच नाही. अर्क ०.५ मिली, बफर ०.०५ मोलर फॉस्फेट २.४ मिली घेतले होते. ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक म्हणजे सुमारे ०.२ मोलर, आणि प्रत्येक रेणू दोन प्रोटॉन देतो. म्हणजे अर्ध्या मिलीत ०.२ मिलिमोल आम्ल, समोर बफर फक्त ०.१२ मिलिमोल. पीएच कोसळला. डीटीएनबीला भिडते ते प्रोटॉन सुटलेले सल्फर, आणि पीएच ८ खाली गेला की ते कमी उरते. पीएच-पट्टी क्युव्हेटमध्ये बुडवली तर चूक पाच सेकंदांत कळते; आमचा अर्धा तास गेला.

दुसरी खेप: अर्क ०.१ मिली, ०.२ मोलर फॉस्फेट (पीएच ८.०) २.८ मिली, १० मिलिमोलर डीटीएनबी ०.१ मिली. पाच मिनिटांनी ओडी ०.२३१.

०.२३१ भागिले १४,१५० म्हणजे १६.३ मायक्रोमोलर. क्युव्हेटमध्ये अर्क ३० पट पातळ, म्हणून अर्कात ०.४९ मिलिमोलर. अर्धा ग्रॅम उती एकूण ५ मिलीत, म्हणून ग्रॅमला ४.९ मायक्रोमोल. प्रमाण-द्रावण (ग्लुटाथायोन ३.०७ मिलिग्रॅम, १० मिलीत, १ मिलिमोलर) त्याच ५ टक्के आम्लात केले होते. पाण्यात केलेले प्रमाण-द्रावण दुपारपर्यंत स्वतःच ऑक्सिडाइज होते आणि मग सगळे नमुने ‘जास्त’ दिसतात.

१८ डिसेंबर

ऑक्सिडाइज झालेले ग्लुटाथायोन (जीएसएसजी). डीटीएनबीला हे दिसत नाही, कारण त्यात मोकळा सल्फहायड्रिल नाही. टिट्झेची फेरीची पद्धत वापरली: ग्लुटाथायोन रिडक्टेज आणि त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे एनएडीपीएच घालून जीएसएसजीचे पुन्हा मोकळ्या सल्फहायड्रिलचे ग्लुटाथायोन, म्हणजे जीएसएच, होते, ते डीटीएनबीशी भिडते, पुन्हा फेरी. रंग चढण्याचा वेग एकूण ग्लुटाथायोनचे प्रमाण सांगतो. जीएसएच आधी टोपी घालून बाद केले की फक्त जीएसएसजी उरते.

दोन तऱ्हांनी केले. पहिली: दुकानात थेट आम्लात घेतलेला अर्क, प्रयोगशाळेत ट्रायइथॅनॉलअमाइनने पीएच ६ ते ७ वर आणून २-व्हिनायलपिरिडीन (१०० मायक्रोलीटरला २ मायक्रोलीटर), एक तास. दुसरी: दुकानातच एनईएममध्ये दळून तीन मिनिटांनी आम्ल. एनईएम ग्लुटाथायोन रिडक्टेजलाही मारते, म्हणून उरलेले डायक्लोरोमिथेनने धुऊन काढावे लागते. पहिल्या प्रयत्नात ते अपुरे धुतले गेले, प्रमाण-द्रावणाचीही फेरी चालेना, त्यावरूनच कळले.

पहिल्या तऱ्हेत जीएसएसजी ग्रॅमला ०.०८ मायक्रोमोल, दुसऱ्या तऱ्हेत ०.०३. एकूण (एक जीएसएसजी म्हणजे दोन जीएसएच धरून) दोन्हींत ५.०६. म्हणजे एनईएमच्या नळीत जीएसएच ५.० आणि गुणोत्तर सुमारे १६७, आम्लाच्या नळीत ४.९ आणि गुणोत्तर ६१.

जीएसएचमधला फरक फक्त ०.१, दोन टक्के. पिपेटच्या चुकीत हरवेल एवढा. पण ते ०.१ जीएसएच उलटून ०.०५ जीएसएसजी झाले, आणि तिथे मुळात ०.०३ च होते. खालचा आकडा लहान असल्याने त्याच दोन टक्क्यांनी गुणोत्तर तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ आणून ठेवले. आम्ल घातल्यावर प्रथिने साकळताना, शिवाय उतीत लोह असताना, एवढे ऑक्सिडीकरण होतेच. व्हिनायलपिरिडीन नंतर घातले जाते, तोवर जे व्हायचे ते झालेले असते. गुणोत्तर सांगायचे असेल तर एनईएम पहिल्या क्षणी. नुसते जीएसएच सांगायचे असेल तर आम्ल पुरेसे आहे.

२० डिसेंबर

हाताळणीची तुलना. तीच कलेजी, तीन वाटे: दुकानात लगेच, बर्फावर चार तास, उणे २० वर रात्रभर गोठवून सकाळी टेबलावर वितळवलेली.

ग्लुटाथायोन (फक्त डीटीएनबीने, ग्रॅमला मायक्रोमोल): ४.९, ३.८, २.१. उणे २० वर गोठणे संथ असते, स्फटिकांनी पेशी फाटतात, आणि वितळताना फाटलेल्या पेशीतले लोह, ऑक्सिजन व ग्लुटाथायोन एकत्र येतात. एनएडीपीएच पुरवणारी यंत्रणा तोवर बंद पडलेली असते, त्यामुळे जीएसएसजी परत फिरत नाही.

कॅटॅलेज याच्या उलट गेले. ९ तारखेच्या पद्धतीने ताज्या वाट्यात १४,१००, वितळवलेल्यात १९,८००. ‘ग्लुटाथायोन घटले, कॅटॅलेज वाढले’ हे वाक्य एखाद्या प्रबंधात ऑक्सिडेटिव्ह ताणाला पेशीने दिलेले उत्तर म्हणून खपून गेले असते. इथे पेशी मेलेली आहे, नवे प्रथिन बनवायला कोणी नाही. मग दोन्ही होमोजेनेटांत सेंट्रिफ्यूज करण्याआधी पटले फोडणारे डिटर्जंट ट्रायटॉन एक्स-१०० ०.५ टक्के घालून १५ मिनिटे बर्फावर ठेवले. ताजा: ३० सेकंदांत ०.४३६ वरून ०.३७०, म्हणजे २२,७००. वितळवलेला: २२,१००. कॅटॅलेज वाढलेच नव्हते. सुक्रोजमध्ये पेरॉक्सिसोम अखंड राहतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला जातात; गोठवण्याने ते फुटले आणि आतले एन्झाइम वर आले, एवढेच. ९ तारखेचा आकडा वहीत खोडला, शेजारी कारण लिहिले.

ट्रायटॉनचा एक उपद्रव: ब्रॅडफर्डने प्रथिन मोजताना ते स्वतःच निळेपणा वाढवते. नमुना १०० पट पातळ केल्यावर ट्रायटॉन ०.००५ टक्के उरते आणि चालते. ब्लँकमध्येही तेवढेच घालायचे. बीसीए पद्धत नको, ग्लुटाथायोन तांब्याला क्षपण करून तिथे खोटे प्रथिन दाखवते.

एसओडी तिन्ही वाट्यांत २० ते २१ युनिटे प्रति मिली. काही सांगण्यासारखे नाही.

२३ डिसेंबर

जानेवारीच्या खेपेसाठी बदल. एन्झाइमांच्या बफरमध्ये पहिल्यापासून ट्रायटॉन. गोठवायचेच असेल तर वाटाण्याएवढे तुकडे, आणि ग्लुटाथायोनसाठी गोठवलेली उती वितळू न देता थेट आम्लात दळायची. दुकानदाराला विचारायचे की बकऱ्याला आदल्या दिवशी चारा मिळाला होता का: उपाशी जनावराच्या यकृतात ग्लुटाथायोन बरेच खाली असते, आणि दोन कलेज्यांमधला फरक त्यामुळेही येऊ शकतो. क्वार्ट्झचा दुसरा क्युव्हेट मागवला. अॅझाइडच्या बाटलीवर लाल पट्टी लावली.